ताप उतरला त्या दिवशी

पडद्यावर फक्त सलाईनच्या सेटची पारदर्शक नळकांडी दिसते आणि तिच्यात थेंब पडत असतो. मागे वॉर्डचा आवाज चालू असतो, कुठेतरी स्टीलची बादली घासत जाते, कुणी खोकतं, पंखा कुरकुरतो. निवेदन अजून सुरू झालेलं नसतं. चित्र पंधरा सेकंद तसंच राहतं आणि तेवढ्या वेळात बरोबर एकवीस थेंब पडतात.

परिचारिकेच्या एका दिवसावर दहा मिनिटांचा व्हिडिओ लिहायचा तर सुरुवात इथून करावी. लिहिणाऱ्याचा हात सहसा आधी धावपळीकडे जातो. स्ट्रेचर ढकलत नेणारे मामा, धाडकन उघडणारं दार, मॉनिटरची टीं-टीं, सिस्टरच्या कपाळावरचा घाम. असं वॉर्डात घडतं, पण रोज नाही, आणि घडतं तेव्हा सिस्टरच्या डोक्यात काय चाललंय हे सांगायला निवेदनाला सवडच मिळत नाही. मनातलं सांगायचं असेल तर बाहेरून काहीच घडत नाही असं वाटणारी सकाळ निवडावी. आणि पूर्ण वॉर्ड दाखवण्याच्या नादी न लागता एकच खाट धरावी.

इथे खाट क्रमांक १४ धरू. जिल्हा रुग्णालयाचा स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड, ऑक्टोबर महिना, सकाळपाळी आठ ते दोन. रुग्ण २८ वर्षांची, वजन ५० किलो, निदान डेंगी, तापाचा पाचवा दिवस. वजन मुद्दाम ५० घेतलं, म्हणजे पुढची गणितं बघणाऱ्यालाही तोंडी करता येतील. पाचवा दिवसही मुद्दामच. डेंगीत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो, आणि ज्यांच्या बाबतीत धोका असतो त्यांचा धोका नेमका तेव्हा सुरू होतो. घरच्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि सिस्टरच्या चेहऱ्यावर नाही, असं दृश्य इथे आयतंच मिळतं. त्या दोन चेहऱ्यांच्या मध्ये जे आहे ते निवेदनाने सांगायचं.

निवेदन 'मी'मध्ये असावं आणि ते ड्यूटी संपल्यानंतरचं वाटावं. पाळी सुटली, सिस्टर बसस्टॉपवर उभी आहे आणि सकाळ मनात परत येतेय, अशा सुरातलं. शब्द कमी ठेवावेत. निवांत मराठी निवेदनाला मिनिटाला शंभरेक शब्द पुरतात, आणि दहा मिनिटांपैकी निम्मा वेळ तरी आवाज गप्प असायला हवा. म्हणजे पूर्ण संहितेत निवेदनाचे शब्द पाचशेच्या आसपास. संवाद चार-पाच जागीच यावेत. आणि निवेदनाच्या रकान्यात आकडे अक्षरी लिहावेत. १०२/७८ असं लिहिलं की वाचणारी 'एकशे दोन भागिले' म्हणून अडखळते.

पहिलं दृश्य सकाळी आठला दहा कमी असताना, ओव्हर घेण्याचं, म्हणजे सुटणाऱ्या पाळीकडून रुग्णांची माहिती हाती घेण्याचं. रात्रपाळीची सिस्टर टेबलाशी बसून वही वाचते आणि सकाळची माना डोलावते, असं बहुतेक व्हिडिओंत दिसतं. गर्दीच्या वॉर्डात खरंही तसंच होतं. पण ओव्हर खाटेशी उभं राहून घ्यायचा असतो आणि त्याला कारण आहे. वहीत 'आयव्ही चालू' एवढंच असतं. बाटलीत किती उरलंय, सुई कुठे टोचलीय, तिथे सूज आहे का, हे खाटेशीच दिसतं. रात्रीची सिस्टर जे सांगते ते जवळपास या संहितेतलं सगळ्यात लांब बोलणं:

"चौदा. डेंगी, पाचवा दिवस. पहाटेपासून ताप नाही. रात्रीत तीन उलट्या, पोटात दुखतंय म्हणते. सहाला बीपी एकशे दहा-सत्तर, नाडी शहाण्णव. रक्त पाठवलंय, रिपोर्ट यायचाय."

कॅमेरा या वेळी बोलणारीवर नको. तो रुग्णाच्या उजव्या हातावर असू दे. सलाईनची सुई, म्हणजे कॅन्युला, कोपराच्या खळीत आहे. भरती होताना कॅज्युअल्टीत घाईत शीर मिळाली ती तिथलीच, त्यात कुणाची चूक नाही. निवेदनाने हे आत्ता सांगू नये, नुसतं दिसू द्यावं. पुढे याच खळीवर गोष्ट वळणार आहे.

वॉर्डात चौतीस खाटा आणि दोन सिस्टर. मग ऑक्सिजन, सक्शन, इमर्जन्सी ट्रे तपासणं, इंडेंट, चादरी, उपाशीपोटी रक्त द्यायचे रुग्ण, हे सगळं भराभर जाऊ द्यावं, चाळीस सेकंदांत. त्याच्यावर निवेदन लादायची गरज नाही.

आठ वाजून वीस मिनिटं. सिस्टर चौदाव्या खाटेशी येते. थर्मामीटर ९८.४ दाखवतो. रुग्णाची आई शेजारच्या स्टुलावर बसलेली. या व्हिडिओतलं बहुधा सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिचं आहे:

"ताप गेला ना सिस्टर? आता सोडतील ना घरी?"

सिस्टर हसते, उत्तर देत नाही, बीपीचा पट्टा गुंडाळते. १०४/७६. नाडी १०४. मग ती रुग्णाचं नख पाच सेकंद दाबून धरते आणि सोडते. पांढरं पडलेलं नख परत गुलाबी व्हायला दोन सेकंदांच्या आत वेळ लागायला हवा. इथे तो किंचित जास्त लागतो. हा शॉट जवळून घ्यावा आणि कापू नये, कारण तो वेळ हाच मजकूर आहे.

इथे निवेदन सुरू होतं:

> आई विचारतात तो आकडा वेगळा, मी बघते तो वेगळा. थर्मामीटर खाली आला म्हणून त्यांना बरं वाटलं. मी वरच्या आणि खालच्या बीपीमधलं अंतर मोजत होते. सकाळी सहाला चाळीस होतं. आता अठ्ठावीस.

हे अंतर म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डेंगीत काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर सैल होतं आणि रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं. साधारण २४ ते ४८ तास हे चालतं आणि मग आपोआप थांबतं. पाणी झिरपलं की वाहिन्यांत माल कमी पडतो. शरीर लगेच हार मानत नाही. वाहिन्या आवळून ते दाब टिकवतं, हृदय जास्त ठोके टाकतं. आवळल्यामुळे खालचा आकडा वर चढतो आणि वरचा अजून ठीकच दिसतो. म्हणून १०४/७६ हे बीपी कुणालाही दाखवलं तर तो म्हणेल, छान आहे की. पण सहाच्या ११०/७० शेजारी ते ठेवलं की कात्री मिटत चालल्यासारखी दिसते. अंतर २० किंवा त्याहून कमी झालं तर तो शॉक, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं झालंय असं समजायचं, वरचा आकडा कितीही चांगला असला तरी. हात गार पडणं, नख उशिरा गुलाबी होणं, नाडी वाढणं ही त्याच आवळण्याची बाहेरून दिसणारी बाजू.

पावणेनऊला रिपोर्ट येतो. प्लेटलेट ६२ हजार, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा, ४३ टक्के. आता वॉर्डातल्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा, त्याला प्लेटलेटचा आकडा पाठ असतो. गावाहून फोन येतात ते प्लेटलेट विचारायला. पपईच्या पानांचा रस घेऊन लोक येतात तेही प्लेटलेटसाठीच. हिमॅटोक्रिट कुणी विचारत नाही. खरं म्हणजे आज सकाळी सिस्टर ज्या आकड्यासाठी रिपोर्ट उघडते तो हाच. भरती झाली त्या दिवशी तो ३६ होता, काल संध्याकाळी ४०, आज ४३. म्हणजे पहिल्या आकड्यापेक्षा जवळजवळ वीस टक्के वर. निवेदनात वैद्यकीय व्याख्या सांगत बसू नये. स्वयंपाकघरातलं उदाहरण पुरतं:

> आमटी आटली की डाळ जास्त झाल्यासारखी वाटते. डाळ तेवढीच असते, पाणी कमी झालेलं असतं. हिच्या रक्ताचं तसं झालंय. पेशी वाढल्या नाहीत, पाणी गेलंय. गेलंय कुठे, ते दिसत नाही, कारण ते शरीराबाहेर गेलेलंच नाही.

चढणारा हिमॅटोक्रिट आणि सोबत झपाट्याने उतरणाऱ्या प्लेटलेट, पोटदुखी, थांबत नसलेल्या उलट्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत धोक्याच्या खुणांची जी यादी आहे, तिच्यातल्या तीन इथे एकत्र आल्या. डॉक्टर येतात, पोट तपासतात आणि लिहितात: रिंगर लॅक्टेटचं सलाईन, किलोमागे ताशी ५ मिली, तासाने परत बघणे. डॉक्टरांना संहितेत संवाद देऊ नये. कागदावर पेन चालताना दिसलं की पुरे.

आता पडद्यावर गणित. पाच गुणिले पन्नास म्हणजे ताशी २५० मिली. नेहमीच्या सेटमधून २० थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे तासाला ५००० थेंब, मिनिटाला ८३, पंधरा सेकंदांत एकवीस. सिस्टर हे बोटांवर करते, कारण इन्फ्युजन पंप आयसीयूत आहे, इथे नाही. इथे एक चाकाची क्लिप आहे, सेकंदकाट्याचं घड्याळ आहे आणि तिचे डोळे.

संहिता लिहिणाऱ्याने इथे प्रामाणिक राहायला हवं. निवेदन ८३ म्हणत असेल आणि चित्रात थेंब रमतगमत पडत असेल, तर रुग्णालयात काम केलेला कुणीही पहिल्याच मिनिटाला व्हिडिओ बंद करेल. शूटिंगसाठी कुणाला सुई टोचायची अर्थातच गरज नाही. नळीचं टोक हातावरच्या चिकटपट्टीखालून चादरीत न्यायचं आणि खाटेखालच्या रिकाम्या बाटलीत सोडायचं. मग थेंब खऱ्या गतीने पडतात. नर्सिंग कॉलेजच्या सरावकक्षात हे सहज जमतं, आणि तेच बरं. चालू वॉर्डात कॅमेरा नेला तर मागच्या खाटेवरचा चेहरा, भिंतीवरचा फलक, केसपेपरवरचं नाव असं काहीतरी चौकटीत शिरतंच, आणि त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. अधीक्षकांची परवानगी म्हणजे त्या रुग्णाची परवानगी नव्हे.

नऊ वाजता नवी बाटली लागते आणि सिस्टर एक गोष्ट करते जी पडद्यावर फार सुंदर दिसते. चिकटपट्टीची लांब पट्टी ती बाटलीवर उभी लावते आणि पेनने खुणा करते. ५०० च्या रेघेशी '९', २५० च्या रेघेशी '१०', तळाशी '११'. बाटलीवर थेट मार्करने लिहायचं नसतं, शाई प्लास्टिकमधून आत उतरण्याची शंका असते. ही पट्टी म्हणजे बाटलीचं घड्याळ. कोणत्या वाजता पाणी कुठल्या रेघेवर असायला हवं ते लांबूनही कळतं.

मग सिस्टर निघून जाते. तिला जावंच लागतं, अजून तेहतीस खाटा आहेत. कॅमेरा मात्र चौदाव्या खाटेशी थांबावा. हा तास निवेदनाशिवाय आणि सिस्टरशिवाय दाखवायचा. रुग्णाच्या पोटात कळ येते, ती कुशीवर वळते आणि दोन्ही हातांनी पोट धरते. उजवा कोपर दुमडतो. थेंब मंदावतो, एकदा तर थांबतोच. आई पदराने वारा घालते. कुणाच्या काही लक्षात येत नाही.

या तासात आणखी एक छोटं दृश्य बसतं. सिस्टर औषधं वाटत परत येते तेव्हा उशीखालून एक गोळ्यांची पट्टी डोकावतेय. आयब्युप्रोफेन, अंगदुखीसाठी घरून आणलेली. सिस्टर ती उचलून खिशात टाकते. "अंग दुखलं तर मला सांगा. ही नको." डेंगीत पॅरासिटामॉलच द्यायचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही मंडळी जठराच्या अस्तराला त्रास देतात आणि उरलेल्या प्लेटलेटचं कामही बिघडवतात, रक्तस्रावाचं निमित्त होतं. याच कारणाने कमरेत किंवा दंडात स्नायूत द्यायचं इंजेक्शनही टाळतात. हे निवेदनात घालू नये. पट्टी उचलून खिशात जाताना दिसते तेवढंच चांगलं. समजणाऱ्याला समजतं, बाकीच्यांना निदान प्रश्न पडतो.

दहा वाजले. माझ्या मते पूर्ण व्हिडिओचं काळीज इथे आहे, आणि ते घाईत वाया घालवू नये.

सिस्टर येताना दिसली की रुग्ण सरळ होते. आपण डॉक्टर-सिस्टर समोर आले की नीट बसतो ना, तसं. हात सरळ करून समोर ठेवते. सिस्टर घड्याळ बघून थेंब मोजते. एकवीस. अगदी बरोबर. नुसते थेंब मोजून जाणारी सिस्टर इथून पुढच्या खाटेकडे गेली असती आणि तिची नोंदही खोटी ठरली नसती. पण ही मान वर करून बाटलीकडे बघते. पाणी २५० वर असायला हवं. ते ३३० वर आहे.

> थेंब बरोबर होते. बाटलीवरची पट्टी म्हणत होती, ऐंशी मिली कमी गेलंय. थेंब आत्ताचं सांगतात. पट्टी गेल्या तासाचं सांगते. मी तिच्या कोपराकडे बघितलं, आणि मग पोटाकडे.

प्लास्टिकच्या बाटलीवरची रेघ काही तंतोतंत नसते. बाटली रिकामी होताना आक्रसते, वीस-तीस मिलीचा फरक नजरेचाही असू शकतो. ऐंशीचा नसतो. बीपी १०२/७८, म्हणजे अंतर आता २४. नाडी ११०. बोटं गार. वरचा आकडा दोनच अंकांनी उतरलाय, खालचा दोनच अंकांनी चढलाय. घरच्या बीपी मशीनवर हे बघून कुणी फोनही केला नसता.

आता काय करायचं नाही, हे दाखवणं जास्त गरजेचं. राहिलेले ऐंशी मिली भरून काढायला क्लिप सैल करून बाटली धो-धो सोडायची नाही. तो मोह अनुभवी हातालाही होतो. पण जे पाणी आत्ता वाहिन्यांतून झिरपतंय ते दोन दिवसांनी परत वाहिन्यांत येणार आहे, आणि आज दिलेलं जास्तीचं पाणी तेव्हा छातीत भरतं. म्हणजे कमी गेलं तर आज शॉक, जास्त गेलं तर परवा दम. गती किती असावी हा निर्णय डॉक्टरांचा. ठरलेली गती खरोखर रुग्णाच्या शिरेत पोचतेय का, हे बघणं सिस्टरचं.

ती आधी सुईची जागा बघते. सूज नाही, गार लागत नाही, दाबून दुखत नाही. म्हणजे सुई शिरेतच आहे, सलाईन कातडीखाली साचलेलं नाही. दोष जागेचा. कोपराला फळी बांधून हात सरळ ठेवता येतो, पण पोटात कळा येणारी बाई तो किती वेळ सरळ ठेवेल? सिस्टर डाव्या मनगटाच्या वर, हाताच्या सपाट भागावर नवी लाईन घेते. वीस नंबर, गुलाबी टोपीची. मग उजवीकडची काढते आणि तिथे कापूस धरून पाच मिनिटं दाबून ठेवायला आईला सांगते. एरवी मिनिट-दोन मिनिटं पुरतात, पण प्लेटलेट ६२ हजार असताना घाई केली तर तिथे काळानिळा गोळा येतो. आईच्या हातात काम आलं की तिचा चेहरा बदलतो. नटीला हे सांगून ठेवावं.

आणि मग फोन. संहितेतलं शेवटून दुसरं बोलणं:

"सर, चौदा नंबर. तासात अडीचशेऐवजी एकशेसत्तरच गेलं, लाईन कोपरात होती, बदलली. बीपी एकशे दोन-अठ्ठ्याहत्तर, नाडी एकशे दहा, हात गार आहेत. सुस्त नाही, बोलतेय."

पलीकडचं उत्तर ऐकवू नये. सिस्टर 'हो सर' म्हणते, क्लिपवर अंगठा ठेवते, घड्याळ बघते. पुन्हा एकवीस. गती तीच राहिली. जुन्या चिकटपट्टीवरच्या खुणांवर काट मारून ती नव्याने लिहिते: ३३० शी '१०.२०', तळाशी '११.४०'. ही काट मारलेली पट्टी कॅमेऱ्याने जपून घ्यावी. सकाळभरात चुकलं ते आणि दुरुस्त झालं ते, दोन्ही त्या बोटभर रुंद पट्टीवर आहे.

अकरा वाजता बीपी १०६/७४, नाडी ९८. अंतर ३२. रक्त पुन्हा हिमॅटोक्रिटला जातं. इथे सुटकेचा निःश्वास, संगीत वगैरे नको, कारण अजून एक हिशेब बाकी आहे आणि तो चुकलेला आहे. लघवी. शिरेत पोचलेलं पाणी मूत्रपिंडापर्यंत जातंय की नाही, हे लघवी सांगते. किलोमागे ताशी अर्धा मिली तरी व्हायला हवी, म्हणजे हिला ताशी २५. सिस्टर आईला विचारते. आई मोठ्या कौतुकाने सांगतात, दोनदा झाली, मी नेऊन संडासात ओतली, भांडंही घासून ठेवलं.

आता ही चूक कुणाची म्हणायची? सकाळी भांडं देताना 'मोजायची आहे' हे सांगितलं गेलं नाही, किंवा सांगितलं ते वॉर्डाच्या गलक्यात ऐकू गेलं नाही. तक्त्यावर सिस्टर अंदाजाने आकडा टाकत नाही. 'दोनदा झाली, मोजली नाही' असं लिहिते. निवेदनाला इथे एकच वाक्य द्यावं:

> रिकामी जागा दिसली की पुढची सिस्टर विचारते. मनाने भरलेला आकडा दिसला की ती विचारत नाही.

मग ती रेघा असलेला प्लास्टिकचा मग आणून देते आणि बोटाने दाखवते, इथपर्यंत आली की मला हाक मारा, ओतू नका. साडेबाराला त्यात १२० मिली असतात, गडद पिवळी. अकरानंतर दीड तासात एवढी, म्हणजे हवी त्याहून बरीच जास्त. तेवढ्यात हिमॅटोक्रिटचा आकडा येतो, ४१. ४३ वरून खाली आला. आमटीत पाणी पोचायला लागलं.

मधल्या वेळात, अकरा चाळीसला, पहिली बाटली संपली तेव्हा डॉक्टरांनी गती उतरवलेली आहे. किलोमागे ३ मिली, ताशी १५०, मिनिटाला ५० थेंब. नवी पट्टी, नव्या खुणा: '११.४०' ला ५००, '१२.४०' ला ३५०, '१.४०' ला २००. दुपारच्या या तासाबद्दल फार लिहू नये. जेवणाची गाडी येते, दोन डिस्चार्ज होतात, एक नवी भरती. सिस्टरचा डबा उघडतो तो दीडला, आणि पोळी खाताना तिची मान एकदा चौदाव्या खाटेकडे वळते. नटीला तिथे 'बघ' असं सांगावं लागलं तर तो शॉट टाकून द्यावा.

एक तपशील कपड्यांचा, कारण तो हमखास चुकतो. हातमोजे घालून एकीची नाडी, मग तेच हातमोजे घालून दुसरीची गोळी, असं पडद्यावर सर्रास दिसतं. नाडी-बीपीला हातमोजे लागत नाहीत. दोन रुग्णांच्या मध्ये हात चोळून निर्जंतुक करणं लागतं. हातमोजे लागतात ते लाईन घेताना आणि लघवीचं भांडं हाताळताना, आणि ते तिथेच काढून टाकायचे. व्हिडिओ बघून नर्सिंगला आलेली मुलगी जे बघते तेच शिकते, त्यामुळे इथे ढिलाई नको.

दोन वाजता संध्याकाळची सिस्टर येते. पुन्हा खाटेशी उभं राहून ओव्हर, पण या वेळी देणारी आपली सिस्टर आहे. सकाळी ऐकलेल्या वाक्यांचीच चाल, आकडे वेगळे. बीपी १०८/७२, नाडी ९२, आठपासून एकदाच उलटी. मोजलेली लघवी १२० मिली, त्याआधी दोनदा झाली ती मोजली नाही. मग थोडं थांबून ती पुढचं सांगते, आणि संहितेतलं हे शेवटचं बोलणं:

"अजून झिरपणं थांबलेलं नाही, रात्रीपर्यंत तरी तासाला बघा. आणि उद्या-परवा लघवी भरपूर व्हायला लागली, किंवा खोकला लागला, आडवं झोपवेना झालं, तर सलाईन चालूच राहू देऊ नका. लगेच कळवा."

आई विचारतात, प्लेटलेट किती झाल्या. प्रश्न दोघींपैकी नेमका कुणाला आहे ते कळत नाही. सिस्टर तिच्या खांद्यावर हात ठेवते आणि कोपऱ्यात ठेवलेला मग दाखवून काहीतरी सांगते. आवाज ऐकू येत नाही, कारण निवेदन सुरू झालंय:

> बसमध्ये बसले तरी पंधरा सेकंद मोजायची सवय जात नाही. वायपर मोजते. आज खिडकीतून ठिबकणारा पाऊसही नव्हता, तर समोरच्या बाईच्या कडेवरचं लेकरू श्वास घेत होतं ते मोजत बसले. ठीक होतं त्याचं.

शेवटचं दृश्य मात्र बसमधलं नको. निवेदन चालू असतानाच चित्र वॉर्डात परत यावं. संध्याकाळची सिस्टर एकटी खाटेशी उभी आहे. रुग्ण डाव्या हाताची बोटं हलवून बघतेय. बाटलीत पाणी दीडशेच्या रेघेशी. सिस्टर घड्याळ बघते, ओठ न हलवता मोजते, बारा की तेरा यावर क्षणभर अडते आणि क्लिपला हात लावत नाही. मग छातीवरचं पेन काढते, वाकते आणि पट्टीच्या अगदी तळाशी लिहिते: ३.००.